बल बदलत असताना कार्य कसे काढायचे: ताणलेली स्प्रिंग आणि लोंबती साखळी

बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य, हे सूत्र शाळेतच पाठ होते. पेटी सारख्याच जोराने ढकलत नेली तर तेवढे पुरतेही. स्प्रिंग ताणायला घेतली की मात्र जितकी ताणाल तितका जोर वाढवावा लागतो. लोंबती साखळी वर ओढताना नेमके उलटे होते, जितकी वर येईल तितकी ती हाताला हलकी लागते. मग गुणाकारात कोणते बल घालायचे? सुरुवातीचे घातले तरी उत्तर चुकते आणि शेवटचे घातले तरी चुकते.

उपाय सर्वांना माहीत असतो: छोटे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचे कार्य काढा आणि इंटिग्रेशनने बेरीज करा. अनेकांना हा विषय समजावताना माझ्या लक्षात आले की गोंधळ इंटिग्रेशनमध्ये होतच नाही. या गणितांत बहुतेक वेळा फक्त x चे इंटिग्रेशन x²/2 एवढेच लागते. गोंधळ त्याआधी होतो. तुकडे कशाचे करायचे हे न ठरवताच लोक लिहायला लागतात. तुकडे दोन प्रकारे होतात. एक, वाटेचे: संपूर्ण वस्तू थोडी थोडी पुढे जाते आणि प्रत्येक छोट्या टप्प्यावर बल किती आहे ते आपण पाहतो. दुसरे, वस्तूचे: वस्तूचा एकेक भाग एकूण किती अंतर वर गेला ते आपण पाहतो. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, पण एकाच समीकरणात दोन्ही मिसळले की उत्तर हमखास बिघडते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हा फरक सांभाळायचा आहे.

हाताशी काय हवे

- कागद, पेन्सिल आणि चित्र काढायला मोकळी जागा
- स्प्रिंगसाठी: तिची नैसर्गिक लांबी, आणि एखादे माहीत असलेले बल लावल्यावर झालेली लांबी
- साखळीसाठी: एकूण लांबी आणि एक मीटर लांबीचे वस्तुमान
- g चे मूल्य, इथे ९.८ घेतले आहे
- सगळी मापे मीटर, किलोग्रॅम आणि न्यूटनमध्ये बदलून घेतलेली

शेवटचा मुद्दा पहिली आकडेमोड करण्याआधीच पुरा करा. सेंटिमीटर तसेच ठेवले तर स्प्रिंगच्या गणितात लांबीचा वर्ग येतो आणि चूक १०,००० पट होऊ शकते.

१. स्प्रिंग: x कुठून मोजायचा ते आधी ठरवा

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. एका स्प्रिंगची नैसर्गिक लांबी २० सेंटिमीटर आहे. तिला २५ सेंटिमीटरवर धरून ठेवायला ३० न्यूटन बल लागते. ती २५ पासून ३० सेंटिमीटरपर्यंत ताणायला किती कार्य करावे लागेल?

हूकचा नियम सांगतो की बल हे वाढीच्या प्रमाणात असते, म्हणजे F = kx. इथला x म्हणजे स्प्रिंगची लांबी नव्हे, नैसर्गिक लांबीपेक्षा झालेली वाढ. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये नियम उघड केला तो याच शब्दांत: जशी वाढ, तसे बल. म्हणून चित्रात शून्य तिथे मांडा जिथे मोकळ्या स्प्रिंगचे टोक असते. आपल्या उदाहरणात २५ सेंटिमीटर म्हणजे x = ०.०५ मीटर, आणि ३० सेंटिमीटर म्हणजे x = ०.१० मीटर.

आता स्थिरांक काढता येतो.

k = 30 / 0.05 = 600 N/m

२. स्प्रिंग: वाटेचे तुकडे करा

स्प्रिंगच्या बाबतीत वाटच कापायची. x इतकी वाढ झालेली असताना आणखी dx इतके ताणले, तर त्या इवल्याशा टप्प्यात बल जवळजवळ 600x इतकेच राहते. त्या टप्प्याचे कार्य 600x dx. सुरुवात ०.०५ ला, शेवट ०.१० ला.

W = ∫ 600x dx (x = 0.05 ते 0.10)

W = 300 × (0.10² − 0.05²) = 300 × 0.0075 = 2.25 J

तुलनेसाठी मोकळ्या अवस्थेपासून २५ सेंटिमीटरपर्यंतचे कार्यही काढून पाहा. ते 300 × 0.05² = 0.75 ज्यूल येते. दोन्ही वेळा ताणले ५ सेंटिमीटरच, पण दुसऱ्या ५ सेंटिमीटरला तिप्पट कार्य लागले. बल आणि वाढ यांचा आलेख काढला तर हे डोळ्यांनाच दिसते. रेषा शून्यातून तिरकी वर जाते आणि कार्य म्हणजे तिच्याखालचे क्षेत्रफळ. पहिल्या टप्प्याखाली त्रिकोण आहे. दुसऱ्या टप्प्याखाली तेवढाच त्रिकोण आहे आणि त्याच्याखाली ३० न्यूटन उंचीचा आयत आहे. आयत त्रिकोणाच्या दुप्पट, म्हणून एकूण तिप्पट.

हे आपण केलेले कार्य आहे. प्रश्नात स्प्रिंगने केलेले कार्य विचारले असेल तर आकडा तोच, चिन्ह ऋण.

३. उत्तर दोन टोकांमध्ये बसते का ते तपासा

ही पायरी पुस्तकांत क्वचित दिसते, पण मी ती कधीच सोडत नाही, कारण ती अर्ध्या मिनिटात होते आणि मोठ्या चुका तिथेच पकडल्या जातात. सबंध वाटेवर सर्वांत कमी बल किती आणि सर्वांत जास्त किती ते पाहा. आपल्या टप्प्यात ते ३० पासून ६० न्यूटनपर्यंत जाते. अंतर ०.०५ मीटर. म्हणजे कार्य १.५ ज्यूलपेक्षा कमी असूच शकत नाही आणि ३ ज्यूलपेक्षा जास्तही नाही. २.२५ बरोबर मध्ये बसते, आणि सरळ रेषेच्या बलासाठी ते मध्येच यायला हवे.

आता नेहमीची चूक पाहा. घाईत लोक लिमिट म्हणून लांबीच घालतात, ०.२५ ते ०.३०. इंटिग्रेशन निर्दोष असते, उत्तर येते ८.२५ ज्यूल. ते ३ च्या पलीकडे आहे, म्हणजे चूक झाली आणि ती लिमिटमध्ये झाली, हे लगेच कळते. शेवटचे बल गुणिले अंतर करणाऱ्याला ३ ज्यूल मिळतात. तेही नेमके वरच्या टोकावर येऊन थांबते, आणि बदलत्या बलाचे उत्तर टोकावर कधीच येत नाही.

४. हातातली खरी स्प्रिंग शून्यापासून सुरू होते का ते पाहा

पुस्तकातली स्प्रिंग थोडेसे बल लावताच थोडीशी ताणली जाते. प्रयोगशाळेतल्या घट्ट वेटोळ्यांच्या स्प्रिंगा पुष्कळदा तशा नसतात. त्यांची वेटोळी बनवतानाच एकमेकांवर दाबून बसवलेली असतात, त्यामुळे ठरावीक बल ओलांडेपर्यंत स्प्रिंग हलतच नाही.

समजा मापे अशी आली: १ सेंटिमीटर वाढीला ८ न्यूटन, २ सेंटिमीटरला १४, ३ सेंटिमीटरला २०. प्रत्येक सेंटिमीटरला ६ न्यूटन वाढतात, म्हणून k = ६०० न्यूटन प्रति मीटर. पण मागे जात शून्य वाढीपर्यंत आलो तर बल शून्य होत नाही, २ न्यूटन उरते. इथे F = 2 + 600x लिहावे लागते आणि ३ सेंटिमीटर ताणण्याचे कार्य असे येते:

W = 2 × 0.03 + 300 × 0.03² = 0.06 + 0.27 = 0.33 J

एकच माप घेऊन 20 / 0.03 असा k काढला असता तर तो ६६७ च्या आसपास आला असता आणि कार्य ०.३० ज्यूल. म्हणून k काढायला किमान तीन मापे घ्या, आलेखावर मांडा, आणि रेषेचा चढ मोजा. रेषा शून्यातून जात नसेल तर ती जबरदस्तीने शून्यातून काढू नका. रेषा वरच्या टोकाकडे आडवी व्हायला लागली आणि बल काढून घेतल्यावर स्प्रिंग पूर्ववत झाली नाही, तर स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली गेली आहे. त्यापुढे kx वापरता येणार नाही.

५. साखळी: दोन्ही रस्ते एकदा स्वतः चालून पाहा

१० मीटर लांबीची साखळी उंच कठड्यावरून खाली लोंबते आहे. एका मीटरचे वस्तुमान २ किलोग्रॅम. ती सगळी वर ओढून घ्यायची आहे. आधी वस्तुमानाचे वजन करा: 2 × 9.8 = 19.6 न्यूटन प्रति मीटर. ही पायरी विसरली जाते, कारण स्प्रिंगमध्ये बल थेट न्यूटनमध्ये दिलेले असते आणि इथे किलोग्रॅम दिलेले असतात. g ने गुणायचे राहिले तर उत्तर जवळपास दहा पट लहान येते.

पहिला रस्ता, वस्तूचे तुकडे. कठड्यापासून y इतका खाली असलेला dy लांबीचा तुकडा घ्या. त्याचे वजन 19.6 dy, आणि त्याला y मीटर वर यायचे आहे.

W = ∫ 19.6 y dy (y = 0 ते 10) = 9.8 × 100 = 980 J

दुसरा रस्ता, वाटेचे तुकडे. साखळी s मीटर वर ओढून झाली आहे. खाली 10 − s मीटर लोंबते आहे, म्हणून या क्षणी हाताला 19.6(10 − s) न्यूटन बल लावावे लागते. आणखी ds ओढा.

W = ∫ 19.6 (10 − s) ds (s = 0 ते 10) = 19.6 × (100 − 50) = 980 J

आकडा एकच, पण समीकरणांचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यात y म्हणजे साखळीवरची जागा, आणि तो तुकडा किती प्रवास करेल तेही तोच सांगतो. दुसऱ्यात s म्हणजे आतापर्यंत ओढलेली लांबी, आणि सगळा लोंबता भाग एकदमच ds इतका वर येतो. समीकरण लिहिण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून ठेवा: "y म्हणजे तुकड्याची कठड्यापासूनची खोली" किंवा "s म्हणजे ओढून झालेली लांबी". ते वाक्य लिहिता येत नसेल तर चित्राकडे परत जा.

तपासणीसाठी इथे आणखी एक साधन मिळते. साखळीचा गुरुत्वमध्य ५ मीटर खाली होता, तो ५ मीटर वर आला. एकूण वजन १९६ न्यूटन. 196 × 5 = 980. साखळी सगळीकडे सारखी जाड असेल तर ही तपासणी तोंडीच होते.

साखळीच्या टोकाला वजन बांधलेले असेल तर त्याचे कार्य वेगळे काढून मिळवा. त्या वजनाचे बल बदलत नाही, म्हणून तिथे साधा गुणाकारच पुरतो.

६. साखळी अर्धवट ओढायची असेल तर

आता तीच साखळी फक्त ४ मीटर वर घ्यायची आहे. बहुतेक जण पहिल्या रस्त्याने जातात आणि लिमिट ० ते ४ करतात. उत्तर येते १५६.८ ज्यूल. टोकांची तपासणी लावून पाहा. सुरुवातीला बल १९६ न्यूटन, शेवटी ६ मीटर लोंबत असताना ११७.६ न्यूटन. ४ मीटरला कार्य किमान ४७०.४ ज्यूल हवेच. १५६.८ त्याच्या आसपासही नाही.

हरवले काय? वरचे ४ मीटर कठड्यावर आले, त्यांचे कार्य मोजले गेले. खालचे ६ मीटर कठड्यावर आले नाहीत, पण तेही ४ मीटर वर चढले. त्या सगळ्या भागाचा प्रवास सारखाच, ४ मीटर. त्यांचे कार्य 19.6 × 6 × 4 = 470.4 ज्यूल. दोन्ही मिळून ६२७.२ ज्यूल.

दुसऱ्या रस्त्याने हेच एका ओळीत होते:

W = ∫ 19.6 (10 − s) ds (s = 0 ते 4) = 19.6 × (40 − 8) = 627.2 J

म्हणून साखळी अर्धवट ओढायची असेल तर मी नेहमी वाटेचे तुकडे करते. त्या रस्त्यात खालचा भाग विसरण्याची सोयच नाही, कारण बल लिहितानाच तो मोजला जातो.

७. खालचे टोक वर आणून अडकवायचे असेल तर

हा प्रकार सर्वांत जास्त फसवतो आणि मला सर्वांत आवडतो. साखळी छतातल्या आकड्याला अडकवलेली आहे, १० मीटर खाली लोंबते. तिचे खालचे टोक उचलून त्याच आकड्याला अडकवायचे, म्हणजे साखळी दुमडून दुहेरी लोंबेल.

इथे वरचा अर्धा भाग जागचा हलतच नाही. त्याचे कार्य शून्य. खालच्या अर्ध्या भागातला छतापासून y खोलीवरचा तुकडा शेवटी 10 − y खोलीवर येतो, कारण तो आता दुसऱ्या टोकाकडून लोंबतो. म्हणजे तो y − (10 − y) = 2y − 10 मीटर वर गेला. मधला तुकडा (y = ५) शून्य मीटर, शेवटचा तुकडा (y = १०) पूर्ण १० मीटर. हे दोन आकडे पटले की सूत्र बरोबर आहे.

W = ∫ 19.6 (2y − 10) dy (y = 5 ते 10) = 19.6 × 25 = 490 J

नेहमीची चूक म्हणजे इथेही प्रवास y धरणे, जणू प्रत्येक तुकडा छतापर्यंत पोचला. मग ७३५ ज्यूल येतात. आणि इथे टोकांची तपासणी ही चूक पकडत नाही, कारण हाताला लागणारे बल ० पासून ९८ न्यूटनपर्यंत जाते आणि ७३५ हे ० व ९८० यांच्या मधलेच आहे. अशा वेळी गुरुत्वमध्य वापरा. खालच्या अर्ध्या भागाचा मध्य ७.५ मीटर खोलीवरून २.५ वर येतो, म्हणजे ५ मीटर चढतो. त्याचे वजन ९८ न्यूटन. 98 × 5 = 490.

वाटेचे तुकडे करूनही पाहा, कारण त्यात एक सुंदर गोष्ट आहे. टोक h मीटर उचलल्यावर हाताखाली किती साखळी लोंबते? चटकन वाटते h. प्रत्यक्षात h/2. टोक जितके वर जाते त्याच्या निम्मीच साखळी आकड्याच्या बाजूने हाताच्या बाजूला येते, कारण दुमडीची जागाही वर सरकत असते. टोक अगदी वर पोचल्यावर h = १० आणि हाताखाली ५ मीटर, हे चित्राशी जुळते. म्हणून बल 9.8h, आणि

W = ∫ 9.8 h dh (h = 0 ते 10) = 4.9 × 100 = 490 J

८. "सावकाश" हा शब्द कुठे लागतो ते लक्षात ठेवा

वरची सगळी उत्तरे हळू ओढण्याची आहेत. म्हणजे प्रत्येक क्षणी हाताचे बल फक्त लोंबत्या वजनाला तोलते, वेग जवळजवळ नसतो, आणि कठड्याचे घर्षण धरलेले नाही. खडबडीत कठड्यावरून साखळी ओढली तर ९८० ज्यूलपेक्षा जास्त कार्य लागेल, आणि ते किती जास्त हे केवळ साखळीच्या वजनावरून सांगता येणार नाही.

वेगाचा परिणाम जमिनीवर ढीग करून ठेवलेल्या साखळीत स्पष्ट दिसतो. तीच १० मीटरची साखळी, एक टोक धरून ते १० मीटर उंच न्यायचे. h मीटर उचलून झाल्यावर हातात 19.6h न्यूटन वजन असते, आणि सावकाश उचलल्यास कार्य पुन्हा ९८० ज्यूल. पण टोक सेकंदाला १ मीटर या कायम वेगाने उचलले, तर जमिनीवर निपचित पडलेली प्रत्येक कडी एकदम त्या वेगात आणावी लागते. त्यासाठी लागणारे जादा बल म्हणजे मीटरमागचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, 2 × 1² = 2 न्यूटन, आणि ते सबंध वाटेवर सारखेच राहते. १० मीटरला आणखी २० ज्यूल.

उचललेल्या साखळीची गतिज ऊर्जा मोजली तर ती ½ × 20 × 1² = 10 ज्यूलच निघते. उरलेले १० ज्यूल प्रत्येक कडीला बसणाऱ्या झटक्यात उष्णता आणि आवाज होऊन जातात. वेग दुप्पट केला तर जादा कार्य २० वरून ८० ज्यूल होईल. वेग सेकंदाला १० सेंटिमीटर ठेवला तर ते फक्त ०.२ ज्यूल उरते आणि ९८० समोर ते सोडून देता येते.